पहिली चिठ्ठी वजनाची, बाकीच्या सारख्या

समजा, कांद्याच्या उत्पादनाचा अंदाज घ्यायचा आहे. गावं पाच, पण प्रत्यक्ष मोजणी दोनच गावांत परवडते. लागवड अनुक्रमे 55, 46, 40, 31 आणि 28 हेक्टर, एकूण 200. मोठ्या गावात पीक साधारण जास्त निघतं, म्हणून त्याला नमुन्यात येण्याची संधीही त्याच प्रमाणात जास्त दिली, तर अंदाज कमी हेलकावतो. जागा दोन असल्यामुळे पहिल्या गावाची संभाव्यता 0.55 हवी आणि शेवटच्याची 0.28.

एकच गाव निवडायचं तर काम सोपं असतं. दोन वेगवेगळी गावं काढताना मात्र प्रमाण बिघडतं, कारण पहिलं गाव बाजूला झालं की उरलेल्यांचं गणित बदलतं. जपानी संख्याशास्त्रज्ञ मिद्झुनो यांची 1952 मधली पद्धत इथे कामी येते. पहिलं गाव आकारमानानुसार काढायचं आणि पुढची सगळी साध्या चिठ्ठ्या टाकून, म्हणजे उरलेल्या प्रत्येकाला सारखी संधी देऊन.

पण पहिल्या चिठ्ठीत थेट क्षेत्राचंच प्रमाण वापरलं, तर पहिल्या गावाला 0.456 आणि शेवटच्याला 0.355 मिळतात. क्षेत्र जवळपास दुप्पट असूनही संधीत फारसा फरक उरत नाही, कारण दुसरी चिठ्ठी सगळ्यांना समान लेखते. यावर उपाय म्हणजे पहिल्या चिठ्ठीतला फरक मुद्दाम वाढवायचा. आपल्या गावांना 0.40, 0.28, 0.20, 0.08 आणि 0.04 अशी संधी द्यायची. मग पहिलं गाव पहिल्याच फेरीत येण्याची संधी 0.40. ते हुकलं, तर उरलेल्या चारांत चौथा हिस्सा, म्हणजे 0.60 चा पाव, 0.15. बेरीज नेमकी 0.55. शेवटच्या गावाचं 0.04 अधिक 0.24, म्हणजे 0.28. इतकं अचूक उत्तर इतक्या सोप्या हिशेबात मिळतं, हे मला या पद्धतीचं खरं सौंदर्य वाटतं. पुढे निवडलेल्या प्रत्येक गावाचं उत्पादन त्याच्या संभाव्यतेनं भागून बेरीज केली, की एकूण पिकाचा अंदाज मिळतो आणि त्यात एकाच बाजूला झुकणारी चूक राहत नाही.

पद्धत अडते ती लहान गावापाशी. 200 पैकी 20 हेक्टरच्या गावाला 0.20 संधी हवी, पण पहिल्या चिठ्ठीत त्याला शून्य दिलं तरी दुसरीतून 0.25 मिळतेच. सूत्रात मग उणे संभाव्यता येते. तसं झालं की ही यादी या पद्धतीला चालणारी नाही. पाचांतून दोन निवडताना सगळ्यात लहान गाव सरासरीच्या 62.5 टक्के तरी असावं लागतं. शंभरांतून दहा निवडायची तर हीच अट सुमारे 91 टक्क्यांवर जाते, आणि इतक्या सारख्या आकाराची गावं क्वचितच सापडतात. म्हणून आधी गावांचे आकारानुसार गट पाडून प्रत्येक गटातून दोनच निवडणं शहाणपणाचं. तेव्हा गट कितीही मोठा असला, तरी लहानातलं लहान गाव सरासरीच्या निम्म्याहून थोडं मोठं असलं, की भागतं.