सायनस: वाफेनं भागत नाही तेव्हा

सर्दी पिकते, गाल ठणकू लागतात, खाली वाकलं की कपाळ जड होतं आणि रुमालावर घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड येतो. मग घरात वाफेचं पातेलं गॅसवर चढतं आणि कुणीतरी औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचं अँटिबायोटिक घेऊन येतं. हिरवा रंग म्हणजे जंतूंची बाधा झालीच, असं आपण धरून चालतो. पण विषाणूंशी झुंजायला नाकात जमणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येच एक हिरवट द्रव्य असतं, त्यामुळे साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड हिरवा होतो. रंगावरून निदान होत नाही. ते होतं दिवसांच्या हिशेबावरून.

गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. तिचं नाकात उघडणारं छिद्र तळाशी नसून वर, छताजवळ असतं. आतला चिकट द्रव सूक्ष्म केसांसारखे तंतू सतत वर ढकलत राहतात, म्हणूनच तो बाहेर पडतो. सर्दीत छिद्राभोवतीचं अस्तर सुजतं, तंतू मंदावतात आणि द्रव आत साचतो. गालांवरचा दाब बहुतेकदा यातूनच येतो. वाफेनं नाकातला शेंबूड सैल होतो आणि थोडा वेळ बरं वाटतं, पण बंद पोकळीत वाफ पोहोचत नाही. सूज जशी उतरेल तसा निचरा होतो, आणि विषाणूंमुळे आलेली सूज बहुतेकांची आठवडा-दहा दिवसांत आपोआप उतरते.

चाळिशीतल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. सोमवारी सर्दी सुरू झाली, बुधवारी शेंबूड हिरवा, गाल जड. शनिवारपर्यंत बरंच हलकं वाटलं. रविवारी मात्र पुन्हा ताप चढला, गालाचा ठणका आधीपेक्षा वाढला आणि घट्ट स्राव दुप्पट झाला. बुधवारच्या हिरव्या शेंबडापेक्षा रविवारची ही उलटी चाल कितीतरी महत्त्वाची आहे. उतरणीला लागलेली सर्दी पाच-सहा दिवसांनी अशी उलटली, तर साचलेल्या द्रवात जिवाणू वाढल्याची शक्यता बळावते. दहा दिवस उलटूनही काडीचा फरक नसेल, किंवा सुरुवातीपासून सलग तीन-चार दिवस १०२ अंशांच्या आसपास ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्यावर तीव्र वेदना असतील, तरीही हाच संशय घ्यायचा. इथे डॉक्टर तपासून अँटिबायोटिक देतात, आणि मग ते सांगितलेले दिवस पूर्ण घ्यावं लागतं. याच बाईंनी बुधवारी मागच्या वेळच्या गोळ्या घेतल्या असत्या, तर विषाणूंवर त्यांचा काहीही उपयोग झाला नसता.

त्याआधीच्या दिवसांत वाफेपेक्षा नाक मिठाच्या पाण्यानं धुण्यावर माझा जास्त भरवसा आहे. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चमच्याला किंचित कमी मीठ पुरतं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं; नळाच्या पाण्यातून नाकावाटे, क्वचित का होईना, मेंदूपर्यंत पोहोचणारा जीवघेणा अमिबा शिरू शकतो. नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांवर वापरू नयेत, नाहीतर ते थांबवताच नाक आणखी चोंदतं. आणि लहान मुलांना उकळत्या पातेल्यासमोर कधीच बसवू नका. त्यातून भाजण्याचे अपघात खरोखर होतात.

एकाच बाजूचा गाल दुखतोय, त्याच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव येतोय, असं असेल तर दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला भिडलेली असतात. किडलेली दाढ तशीच राहिली, तर कितीही गोळ्या घेतल्या तरी त्रास परततो. बारा आठवड्यांहून जास्त काळ चाललेला त्रास हा वेगळाच आजार समजायचा. त्यात कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीनं आतून पाहतात, गरजेनुसार सीटी स्कॅन करतात. नाकातले कोंब किंवा ॲलर्जी सापडली, तर उपचाराची दिशाच बदलते.

काही लक्षणांत मात्र दिवस मोजत बसायचं नाही. पापणी सुजणं, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं, कपाळावर मऊ फुगीर सूज, असह्य डोकेदुखीसह मान आखडणं किंवा गुंगी येणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं, कारण डोळा आणि मेंदू या पोकळ्यांपासून पातळ हाडाइतकेच दूर आहेत. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींनी आणखी जपायला हवं. २०२१मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसनं अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. गाल बधिर होणं, नाकातून काळपट स्राव किंवा टाळूवर काळा डाग ही त्या बुरशीची लक्षणं आहेत आणि ती दिवसागणिक नव्हे, तासागणिक पसरते.