कॉलला हो म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: बजेट किती आहे?

आपल्याकडे दुकान टाकायचा विचार करणारे निम्मे-अधिक लोक आज नोकरीत आहेत. गाळ्याचं डिपॉझिट, पहिला माल, सहा महिन्यांचं भाडं, हे सगळं पगारातूनच साठणार आहे. म्हणून आज धंद्याच्या आधीच्या नोकरीबद्दल बोलू, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल. रिक्रूटरचा मेसेज आला, "आमच्याकडे एक ओपनिंग आहे, दहा मिनिटं बोलू या का?" तर हो म्हणण्याआधी काय विचारायचं?

माझ्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. पुण्याजवळ एका गोदामात स्टोअर इनचार्ज, चार वर्षांचा अनुभव. सीटीसी वर्षाला ३ लाख ८४ हजार, हातात महिन्याला साधारण २७,४०० रुपये. घरखर्चातला त्यांचा वाटा २२,०००. दीड वर्षात गाळा घ्यायचा, तर महिन्याला १२,००० बाजूला पडायला हवेत. म्हणजे हातात ३४,००० हवेत. हा आकडा त्यांनी आधी कागदावर काढला होता, आणि तो फार कामाला आला.

त्याआधी एका ठिकाणी त्यांनी बजेट न विचारताच कॉल घेतला होता. मग दोन राउंड झाले, त्यासाठी दोन हाफ डे गेले, साहेबांना डॉक्टरचं कारण सांगावं लागलं. शेवटी एचआर म्हणाले, "आमचं बजेट चार लाखांचंच आहे." चार लाखांचं बजेट पहिल्या दिवशीही चार लाखांचंच होतं ना! विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही, एवढंच.

आता हे आधीच का विचारायचं? वेळ वाचतो, हे तर आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे रिक्रूटर पहिल्या कॉलला तीन गोष्टी विचारतो: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. तुम्ही करंट सांगितलं की हिशोब तुमच्या जुन्या पगारावरून सुरू होतो. "करंटवर तीस टक्के हाइक देऊ." तीस टक्के ऐकायला बरं वाटतं. पण त्या जागेसाठी कंपनीने किती पैसे मंजूर केलेत, याच्याशी त्या तीस टक्क्यांचा काही संबंध नसतो. बजेट हे जागेचं असतं, हाइक तुमच्या जुन्या पगारावर असते. बजेट आधी कळलं तर बोलणं जागेच्या किमतीवर होतं.

रिक्रूटरला बजेट माहीत असतं का? बहुतेक वेळा असतं. कन्सल्टन्सीवाला असेल तर कंपनीने त्याला कामाचं वर्णन पाठवताना बजेटही दिलेलं असतं, त्याशिवाय तो माणसं शोधणार कशी? त्याची फी सहसा कंपनी देते, आणि ती अनेकदा निवडलेल्या माणसाच्या वार्षिक सीटीसीच्या टक्क्यांत असते. ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा सीटीसी, हा ओळखीचा दर आहे. त्यामुळे तुमचा पगार जास्त ठरला तर त्याचं नुकसान नाही. मात्र जागा भरली नाही तर त्याला काहीच मिळत नाही, म्हणून त्याला ठरवून टाकायची घाई असते. कंपनीचा स्वतःचा एचआर असेल तर तो थोडा सावध असतो. त्याच्याकडेही रेंज असतेच, पण सांगताना तो खालचा किंवा मधला आकडा सांगतो.

मग विचारायचं कसं? ज्या माध्यमातून मेसेज आला त्याच माध्यमात, लिहून. ताईंनी पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार, कळवल्याबद्दल धन्यवाद. कामाचं वर्णन वाचलं, माझ्या चार वर्षांच्या स्टोअरच्या अनुभवाशी जुळतंय. कॉलची वेळ ठरवण्याआधी या जागेचं सीटीसी बजेट, कमीत कमी ते जास्तीत जास्त, आणि त्यात फिक्स्ड किती व व्हेरिएबल किती, हे इथे कळवाल का? जुळत असेल तर उद्या संध्याकाळी सहानंतर मी कॉलसाठी मोकळी आहे."

यात "पगार किती देणार?" असं नाहीये. "या जागेचं बजेट" असं आहे. बजेट हा रिक्रूटरचा रोजचा शब्द आहे, त्यामुळे प्रश्न अंगावर आल्यासारखा वाटत नाही. आणि शेवटी वेळ दिली आहे. नुसता प्रश्न टाकलात तर समोरच्याला वाटतं हा टाळतोय. वेळ दिलीत की कळतं, माणूस यायला तयार आहे, फक्त आकडा हवाय. इंग्रजीत लिहिणार असाल तरी क्रम हाच ठेवा.

उत्तर आलं: "४.२ ते ५.४ लाख, १० टक्के व्हेरिएबल."

इथे बहुतेकजण खूश होऊन कॉल घेतात. ३.८४ वरून ४.२, म्हणजे वाढच की! पण ताईंनी कागद काढला. ४ लाख २० हजार म्हणजे महिन्याला ३५,०००. त्यातून व्हेरिएबलचे ३,५०० बाजूला, कारण ते वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाटचा पीएफ १,८०० सीटीसीतच धरलेला असतो. बेसिक निम्मा धरला तर ग्रॅच्युइटीचे साधारण ८४०. विम्याचा हप्ता ५०० धरला. उरले २८,३६०. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला. हातात २६,३६०. आत्ता मिळतात त्यापेक्षा हजार रुपये कमी! कारण आत्ताच्या कंपनीत व्हेरिएबलची भानगडच नव्हती.

वरच्या टोकाला, ५.४ लाखांवर, हाच हिशोब केला तर हातात साधारण ३५,१०० येतात. ३४,००० हवे असतील तर सीटीसी ५ लाख २५ हजारांच्या आसपास पाहिजे. आणि करंटवर तीस टक्के घेतले असते तर? ४ लाख ९९ हजार, हातात ३२,१००. म्हणजे "चांगली हाइक" मिळूनही गाळ्याचं गणित दर महिन्याला १,९०० रुपयांनी चुकलं असतं.

(पीएफ बुडत नाही, तो तुमचाच पैसा आहे, हे मान्य. पण गाळामालक डिपॉझिट पीएफच्या पासबुकावर घेत नाही. म्हणून मी तो हिशोबातून बाहेर ठेवतो. तुमच्या कंपनीत पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर हातात अजून कमी येईल, ते विचारून घ्या.)

मग ताईंनी दुसरा मेसेज केला: "माझ्या अनुभवासाठी ५.२५ पासून पुढे विचार होऊ शकतो का? तसं असेल तरच कॉल ठरवू." उत्तर आलं, "५.२५ पर्यंत जाऊ शकतो, पण नोटीस तीस दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही." त्यांची नोटीस तीस दिवसांचीच होती. कॉल झाला, एक राउंड झाला आणि ऑफर ५.२५ चीच आली. कॉलवर करंट विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. तोपर्यंत वरचा आकडा लेखी झाला होता, त्यामुळे हाइकचा विषय फार ताणला गेला नाही. करंट सीटीसी फुगवून सांगू नका, हे इथेच सांगतो. ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, तिथे सगळं उघडं पडतं. आणि जॉब पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये तुम्हीच तुमचा पगार भरलेला असेल तर तो रिक्रूटरला आधीच दिसत असू शकतो. एकदा जाऊन बघा.

उत्तर नेहमी असं सरळ येत नाही. "ॲज पर मार्केट स्टँडर्ड" आलं तर एकदाच परत विचारा: "अंदाजे रेंज सांगितली तरी चालेल." "आधी तुमचं एक्स्पेक्टेड सांगा" असं आलं, आणि हे सगळ्यात जास्त वेळा येतं, तर अडून बसू नका. करंट न सांगता तुमचा किमान आकडा द्या: "५.२५ च्या पुढे असेल तर बोलू या. तुमच्या बजेटमध्ये बसतं का?" मात्र हा आकडा तुम्हाला खरंच पुरणारा हवा, कारण बोलणं बहुधा त्याच्या वर फार जात नाही. "सहा लाखांपर्यंत" असं आलं, विशेषतः सेल्सच्या जागेला, तर समजा की त्यात इन्सेन्टिव्ह धरलेला असू शकतो. फिक्स्ड वेगळं विचारा. आणि "कॉलवरच सांगू" असं दोनदा आलं तर मी कॉल सोडून देतो, पण ते माझं मत झालं. हातात नोकरी नसेल तर कॉल घ्या आणि पहिल्याच मिनिटाला हाच प्रश्न विचारा. ओळखीतून आलेली जागा असेल किंवा छोट्या फर्मचे मालक स्वतः फोन करत असतील, तरीही मेसेजचा आग्रह नको. तिथे बँड वगैरे ठरलेला नसतो, मालक माणूस बघून आकडा ठरवतात.

भारतात रेंज आधी सांगण्याची सक्ती करणारा कायदा नाही, त्यामुळे हक्काच्या भाषेत भांडू नका. बाहेर चित्र बदलतंय. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीत पगार लिहावा लागतो, नंतर कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कनेही तसे नियम केले. तिकडे असलेल्या आपल्या मंडळींनी आधी जाहिरातच नीट वाचावी.

आता काउंटरच्या या बाजूचं. माझ्या दुकानात मी पहिला मुलगा शोधत होतो तेव्हा शटरवर कागद लावला होता, "पगार योग्यतेनुसार". बीबीए केलेला माणूस मी, मला ते फार प्रोफेशनल वाटलं होतं. आठवडाभर मुलं येत होती. प्रत्येकाला बसवायचं, चहा द्यायचा, काम समजावायचं, आणि आकडा सांगितला की ती उठून जायची. त्यातला एकजण जाताना म्हणाला, "दादा, हे बाहेर लिहिलं असतं तर माझं बसभाडं वाचलं असतं." त्याच संध्याकाळी कागद बदलला: पगार १५ ते १८ हजार, सोमवारी सुट्टी, वेळ दहा ते आठ. दुसऱ्या दिवसापासून मुलं कमी आली. पण जी आली, ती आकडा वाचून आली होती.