एक समीकरण, तीन स्वभाव

1970 साली लेनिनग्राडमधले भौतिकशास्त्रज्ञ विताली एफिमोव यांनी कागदावर एक विचित्र भाकीत मांडलं. तीन एकसारखे कण घ्या. त्यांच्यातलं आकर्षण असं असू द्या की कुठल्याही दोघांची जोडी जमता जमता राहून जाते. तरीही तिघं मिळून बांधले जातात, आणि तेही एकाच आकारात नाही. एक त्रिकूट असेल, तर त्याच्या सुमारे 22.7 पट मोठं दुसरं असेल, त्याच्या 22.7 पट तिसरं, आणि ही रांग पुढे चालूच राहील. कण कोणते, त्यांच्यातलं बल नेमकं कसलं, याच्याशी या आकड्याचं काही देणंघेणं नाही.

हा आकडा ज्या समीकरणातून निघतो, ते महाराष्ट्रातली अभियांत्रिकीची मुलं दुसऱ्या वर्षाच्या गणितात सोडवतात. पाठ्यपुस्तकात त्याला कोशीचं किंवा कोशी–ऑयलर समीकरण म्हणतात, आणि परीक्षेपुरतं ते चार ओळींत सुटतंही. त्याची सर्वसाधारण मांडणी अशी:

x²y″ + a x y′ + b y = 0

y′ म्हणजे y च्या बदलाचा दर आणि y″ म्हणजे त्या दराच्या बदलाचा दर. दर काढताना x ने एकदा भागल्यासारखं होतं, दुसऱ्यांदा काढताना आणखी एकदा. y″ च्या मागे x² आणि y′ च्या मागे x आहे तो याचसाठी: भागाकाराने जे गेलं ते गुणाकाराने भरून येतं. परिणामी x मीटरमध्ये मोजा, सेंटिमीटरमध्ये मोजा की मैलात, समीकरणात एक अक्षरही बदलत नाही. या समीकरणाजवळ स्वतःचं असं कुठलंही माप नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीतून येतं.

आपण त्यातला सगळ्यात साधा प्रकार घेऊ, कारण एफिमोव यांच्या हिशेबात शून्य ऊर्जेच्या आसपास नेमका तोच येतो:

x²y″ + c y = 0

इथे c हा एक स्थिर आकडा आहे. आकर्षण किती जोरदार आहे ते तो सांगतो. ज्या समीकरणाला माप नाही, त्याचं उत्तर म्हणून x चा एखादा घात करून पाहणं साहजिक आहे. y = x^m धरलं की y″ = m(m−1)x^(m−2). त्याला x² ने गुणलं की पुन्हा x^m. प्रत्येक पदात तोच x^m आल्यामुळे तो काढून टाकता येतो, आणि मागे फक्त घातांकाचं वर्गसमीकरण उरतं:

m² − m + c = 0, म्हणजेच m = ½ ± √(¼ − c)

बदलाच्या दरांचं समीकरण होतं, ते शाळेतल्या वर्गसमीकरणावर आलं. आता सगळं वर्गमुळाखालच्या राशीवर आहे. c चौथाईपेक्षा कमी, बरोबर चौथाई, की जास्त?

c = 3/16 घेतला तर m = ¼ आणि m = ¾. दोन वेगळी खरी मुळं, दोन वेगळे घात, आणि y = A x^¼ + B x^¾ हे पूर्ण उत्तर. x मोठा होत गेला की ¾ चा घात वरचढ ठरतो, शून्याकडे जाताना ¼ चा. आलेख शून्याची रेषा फार तर एकदा ओलांडतो.

c बरोबर ¼ झाला की दोन्ही मुळं ½ वर येऊन मिळतात. इथे घाईत असलेला विद्यार्थी A√x + B√x असं लिहून मोकळा होतो. पण ही दोन उत्तरं नाहीत, एकच उत्तर दोनदा लिहिलेलं आहे. दुसऱ्या क्रमाच्या समीकरणाला खरोखर वेगळी दोन उत्तरं लागतात. मग दुसरं गेलं कुठे?

ते शोधायला मुळं मिळण्याच्या जरा आधीचा क्षण पाहावा. समजा, घात 0.50 आणि 0.51 आहेत. दोन्ही उत्तरं असतील, तर त्यांची वजाबाकी हेही उत्तर, आणि त्या वजाबाकीला 0.01 ने भागलं तरी ते उत्तरच राहतं. x = 100 ठेवून पाहू. 100 चा 0.50 घात 10, आणि 0.51 घात 10.4713, फरक 0.4713, भागाकार 47.1. घातांतलं अंतर 0.001 केलं तर भागाकार 46.16 येतो. अंतर आणखी कमी करत गेलं की तो 46.05 वर स्थिरावतो. हा आकडा म्हणजे √100 गुणिले 100 चा नैसर्गिक लॉग. हरवलेलं दुसरं उत्तर √x ln x आहे. मुळं एकमेकांत मिसळली तेव्हा त्यांच्यातला फरक लॉगच्या रूपाने मागे राहिला. म्हणून पूर्ण उत्तर y = √x (A + B ln x).

c चौथाईच्या पुढे गेला, की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि मुळं संमिश्र होतात. c = 5/4 घेऊ, म्हणजे m = ½ ± i. x चा i इतका घात म्हणजे काय, हे वाटतं तितकं गूढ नाही. x म्हणजे e चा ln x इतका घात. म्हणून x^i म्हणजे e^(i ln x), आणि ऑयलरच्या सूत्राने ते cos(ln x) + i sin(ln x) होतं. i असलेला भाग वेगळा केला की हातात दोन खरी उत्तरं येतात: √x cos(ln x) आणि √x sin(ln x).

दुसरं उत्तर जरा जवळून पाहू. √x sin(ln x) शून्य कधी होतं? ln x जेव्हा 0, π, 2π, 3π असतो तेव्हा; म्हणजे x = 1, 23.14, 535.5 आणि 12,392 वर. साध्या तरंगात दोन शून्यांमधलं अंतर सारखं असतं. इथे अंतर सारखं नाही, पट सारखी आहे: दर वेळी e^π, म्हणजे 23.14. खालच्या बाजूलाही हाच क्रम चालतो: 0.0432, 0.00187, आणि असंच शून्यापर्यंत न संपता. ज्या समीकरणाला मापच नाही, त्याच्या तरंगाला ठरावीक लांबी असूच शकत नाही. ठरावीक पट तेवढी असू शकते.

त्यामुळे हा तरंग नजरेतून सहज निसटतो. संगणकावर x = 2 पासून 500 पर्यंत साधा आलेख काढला, तर वक्र सुरुवातीला एकदाच रेषा ओलांडून खाली जातो आणि पुढे डोलण्याचं नाव काढत नाही. 535 दिसेपर्यंत कुणीही म्हणेल की इथे तरंग नाही. आडव्या अक्षावर x ऐवजी ln x घ्यावा आणि उभ्या अक्षावर y भागिले √x. मग तोच वक्र एकसारख्या लांबीच्या नीट लाटांचा दिसतो. वर्गात t = ln x हा बदल शिकवतात त्यामागचं कारणही हेच. त्याने x ची पट t मधल्या सरळ अंतरात बदलते आणि समीकरणाचे सहगुणक स्थिर होतात.

नेहमीची चूक घातांकाच्या समीकरणातच होते. स्थिर सहगुणकांच्या समीकरणाची सवय असलेला हात m² + c = 0 लिहितो आणि मधला −m विसरतो. c = 5/4 साठी मग √x नाहीसा होतो आणि शून्यांमधली पट 23.14 ऐवजी 16.6 येते. उत्तर दिसायला ठाकठीक, पण चुकीचं. मूळ समीकरणात ते परत ठेवून पाहिलं तर लगेच पकडता येतं. दुसरी अडचण x = 0 ची. तिथे x² शून्य होऊन y″ चं पदच गळून पडतं. म्हणून y ची आणि त्याच्या दराची सुरुवातीची मूल्यं x = 0 वर देऊन चालत नाही, ती x = 1 सारख्या बिंदूवर द्यावी लागतात.

तीन कणांच्या प्रश्नात x च्या जागी तिघांचा एकत्र विस्तार मोजणारी एक लांबी येते. तीन एकसारख्या बोसॉन कणांसाठी एफिमोव यांच्या सिद्धान्तातून c = ¼ + (1.00624)² निघतो, म्हणजे सुमारे 1.2625. आपण घेतलेल्या 5/4 च्या अगदी शेजारी, आणि चौथाईच्या बराच पुढे. मुळं संमिश्र आहेत, त्यांचा काल्पनिक भाग 1.00624. म्हणून पट e^(π/1.00624), म्हणजे 22.7. दर आणखी एका लाटेमागे आणखी एका त्रिकुटाला जागा मिळते. ऊर्जा आकाराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असल्याने त्रिकुटाला बांधून ठेवणारी ऊर्जा दर पायरीला सुमारे 515 पटीने कमी होते. c चौथाईच्या आत राहिला असता, तर ही रांग उभीच राहिली नसती.

प्रत्यक्षात रांग अनंत नसते, कारण खऱ्या अणूंना माप असतं. फार जवळ आल्यावर अणूंमधल्या बलाचा पल्ला आड येतो. फार दूर गेल्यावर दोन अणूंची एकमेकांवरची पकड जिथवर जाणवते ती लांबी आड येते. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यातच समीकरण लागू पडतं. पट्टा 22.7 पट रुंद केला की एक पायरी वाढते. पहिली पायरी नेमकी कुठे पडेल, हेही समीकरण सांगत नाही. ते जवळच्या टोकावर ठरतं.

म्हणूनच पुराव्याला साडेतीन दशकं लागली. 2006 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला रुडॉल्फ ग्रिम यांच्या गटाने सीझियमचे अणू सुमारे 10 नॅनोकेल्विनपर्यंत थंड केले आणि चुंबकीय क्षेत्राने त्यांच्यातली दूरची पकड कमीजास्त करत नेली. एका ठरावीक ठिकाणी सापळ्यातले अणू एकाएकी जास्त वेगाने नाहीसे होऊ लागले: त्रिकूट जुळायला तिथे जागा होती. पण पट मोजायची तर दुसरी पायरी हवी, आणि तिच्यासाठी पकडीची लांबी जवळजवळ एक मायक्रॉनपर्यंत ताणावी लागते. तेही 2014 मध्ये इन्सब्रुकलाच जमलं. मोजलेली पट 21.0 आली, 1.3 च्या अनिश्चिततेसह.

त्याच वर्षी हायडेलबर्ग आणि शिकागो इथल्या गटांनी दोन जड सीझियम आणि एक हलका लिथियम अशी त्रिकुटं तपासली. एक कण हलका झाला की c वाढतो, मुळांचा काल्पनिक भाग मोठा होतो आणि लाटा जवळ येतात. तिथे सिद्धान्ताने पट 4.9 च्या आसपास सांगितली होती. पायऱ्या इतक्या जवळ असल्यामुळे एकाच प्रयोगात एकाहून अधिक पायऱ्या दिसल्या, आणि त्यांच्यातली पट सिद्धान्ताशी जुळली.