मराठी संदेशाला दुप्पट पैसे का पडतात?

काशीदसारख्या किनाऱ्यावरच्या गावात आजही अनेक घरांत साधा फोन असतो. त्यामुळे शाळेची सूचना पालकांपर्यंत पोहोचवायला आम्हा शिक्षकांना एसएमएसच सोयीचा वाटतो. असे संदेश एकगठ्ठा पाठवणाऱ्या सेवेचे बिल मात्र संदेशांवर नव्हे, तर त्यांच्या तुकड्यांवर येते. मराठीचे तुकडे जास्त होतात ते असे.

एका एसएमएसमध्ये १,१२० बिट मावतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच खूण. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. पण ७ बिटांत जेमतेम १२८ चिन्हे मावतात आणि त्या यादीत देवनागरी नाही. म्हणून मराठीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट द्यावे लागतात आणि जागा उरते ७० चिन्हांची. उर्दूलाही हाच नियम लागतो.

शिवाय इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जातात. ‘सुट्टी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण फोन तो स, उकार, ट, हलन्त, ट, वेलांटी असा सहा चिन्हांचा धरतो.

आता ही सूचना पाहा: ‘उद्या शाळेला सुट्टी आहे. परीक्षा सोमवारी सकाळी अकरा वाजता होईल. मुलांना वेळेवर पाठवावे.’ मोकळ्या जागा धरून ही ८७ चिन्हे झाली. संदेश सत्तरच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि ते पुन्हा क्रमाने जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यात थोडी जागा राखली जाते. त्यामुळे एका तुकड्यात ६७ चिन्हेच मावतात. आपली सूचना अशी दोन तुकड्यांत जाते. १२० पालकांना पाठवली, तर बिल २४० तुकड्यांचे. हाच मजकूर इंग्रजीत ऐंशीच्या आत बसतो, म्हणजे एकच तुकडा आणि बिल १२० चे.

रोमन लिपीत मराठी लिहिली तर पैसे वाचतात, पण घरातल्या आजीला ती वाचता येत नाही. त्यापेक्षा वाक्य आखडावे: ‘उद्या सुट्टी. परीक्षा सोमवारी सकाळी ११ वाजता. मुलांना वेळेवर पाठवावे.’ ही बरोबर ६९ चिन्हे, म्हणजे एकच तुकडा.

इंग्रजी संदेशातही एक खबरदारी हवी. त्यात एखादे देवनागरी अक्षर, इमोजी किंवा दुसरीकडून उचललेले वळणदार अवतरणचिन्ह शिरले, तर अख्खा संदेश १६ बिटांचा होतो आणि मर्यादा ७० वर येते. छोट्या इंग्रजी संदेशाचे अचानक दोन तुकडे दिसले, तर आधी असे चिन्ह शोधावे.

व्हॉट्सअॅपचा संदेश इंटरनेटवरून जातो, त्याला हा हिशेब लागू नाही.