साडेसहा ट्रक का निघत नाहीत?

कांद्याचे सात ट्रक लासलगावात आणि पाच पिंपळगावात भरून उभे आहेत. पुण्याला चार हवे आहेत, वाशीला आठ. समजा, एका ट्रकचे भाडे हजारांत असे आहे: लासलगाव ते पुणे 3, लासलगाव ते वाशी 5, पिंपळगाव ते पुणे 4 आणि पिंपळगाव ते वाशी 8. एकूण भाडे कमीत कमी व्हावे, तर कुठून कुठे किती ट्रक धाडायचे?

लासलगावहून पुण्याला x ट्रक पाठवले, की बाकीचे आकडे आपोआप ठरतात. लासलगावहून वाशीला 7−x, पिंपळगावहून पुण्याला 4−x आणि पिंपळगावहून वाशीला 1+x. एकूण भाडे 59+2x हजार येते. x शून्यापेक्षा कमी किंवा चारापेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून x=0 हे सर्वांत स्वस्त. मग ट्रक जातात 7, 4 आणि 1. उत्तर पूर्णांकात आले, पण ‘ट्रक अर्धा तोडता येत नाही’ ही अट गणितात कुठेच घातलेली नव्हती. रेषीय प्रोग्रॅमिंगमध्ये अपूर्णांक चालतात आणि एरवी ते येतातही. इथे ते का आले नाहीत?

रेषीय प्रोग्रॅमिंगला इष्टतम उत्तर असले, तर या प्रकारच्या प्रश्नात ते शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या एखाद्या कोपऱ्यावर नक्की सापडते. कोपऱ्यावर काही चले शून्यावर टेकलेली असतात आणि उरलेली चले तितक्याच समीकरणांतून सुटतात. आपल्या कोपऱ्यावर x शून्य आहे; बाकी तीन चलांना तीन समीकरणे पुरतात. (पुरवठा आणि मागणी जुळत असल्याने चौथे समीकरण उरलेल्यांतूनच निघते.) दहावीत शिकलेल्या क्रेमरच्या पद्धतीने प्रत्येक चलाची किंमत म्हणजे एका निश्चयकाला दुसऱ्याने भागणे. वरचा निश्चयक पूर्णांकांतूनच बनतो. अपूर्णांक शिरायला एकच वाट उरते, ती म्हणजे खालचा निश्चयक. तो 1 किंवा −1 असेल, तर ती वाटही बंद होते.

प्रवाहजालात तो नेहमी तसाच असतो. जालाच्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक गावाची एक ओळ आणि प्रत्येक रस्त्याचा एक स्तंभ असतो. रस्ता जिथून सुटतो त्या ओळीत +1, जिथे पोचतो तिथे −1, बाकी सगळीकडे 0. यातून कोणताही चौरस तुकडा कापून घ्यावा. त्यातल्या एखाद्या स्तंभात नुसतीच शून्ये असतील, तर निश्चयक शून्य. एखाद्या स्तंभात एकच शून्येतर आकडा असेल, तर त्या स्तंभाने विस्तार करून प्रश्न आकाराने एकाने लहान तुकड्यावर येतो आणि तिथे हाच विचार पुन्हा लागू होतो. प्रत्येक स्तंभात +1 आणि −1 दोन्ही असतील, तर सगळ्या ओळींची बेरीज शून्य, म्हणून निश्चयकही शून्य. शेवटी 0, 1 किंवा −1 यांखेरीज काही हाती येत नाही. प्रत्येक चौरस तुकड्याच्या या गुणाला टोटल युनिमॉड्युलॅरिटी म्हणतात. ॲलन हॉफमन आणि जोसेफ क्रुस्कल यांनी 1956 मध्ये दाखवले, की मॅट्रिक्समध्ये हा गुण असेल आणि उजवीकडचे आकडे पूर्णांक असतील, तर क्षेत्राचे सगळे कोपरे पूर्णांकी असतात. रस्त्यांवर पूर्णांकी कमाल मर्यादा घातल्या तरी हा गुण टिकतो. भाडे मात्र कितीही वेडेवाकडे असले तरी चालते, कारण ते कोणता कोपरा निवडायचा एवढेच ठरवते.

‘नेहमी पूर्णांक’ हे नीट समजून घ्यायला हवे. लासलगाव ते पुणे भाडे 3 ऐवजी 1 केले, तर एकूण भाडे x कितीही असला तरी 59 हजारच राहते. मग x=½ हेही तितकेच इष्टतम. ते दोन कोपऱ्यांच्या मधले आहे. सिम्प्लेक्स पद्धत कोपऱ्यावरच थांबते, त्यामुळे ती पूर्णांक देते. अंतर्बिंदू पद्धत मात्र मधेच थांबू शकते.

आणखी नाजूक जागा म्हणजे जालाबाहेरची अट. समजा, लासलगाव–वाशी आणि पिंपळगाव–पुणे हे दोन्ही मार्ग एकाच वाहतूकदाराकडे आहेत आणि त्याच्याकडे दहाच ट्रक आहेत. भाडे मूळचेच. मग (7−x)+(4−x) ≤ 10, म्हणजे x किमान ½. इष्टतम उत्तर ½, 6½, 3½ आणि 1½, खर्च 60 हजार. या कोपऱ्याचा निश्चयक काढला तर 2 येतो. अर्धे ट्रक त्या दोनातून आले. पूर्ण ट्रकांचे खरे उत्तर x=1 आहे आणि त्याला 61 हजार लागतात. अशा वेळी पूर्णांकांची अट वेगळी घालून पूर्णांकी प्रोग्रॅमिंगच करावे लागते.