बुटाचे टोक आणि बोटांची जागा

फॉर्मल बुटाचे टोक गोल, चौकोनी की निमुळते होणार, हे फर्म्यावर ठरते. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा. त्यावर चामडे ओलसर करून ताणतात, तळाला पक्के करतात आणि बूट आकारात बसला की फर्मा काढून घेतात. मागे उरलेल्या पोकळीत पाय जातो. गोल टोकाचा बूट आरामाचा, चौकोनी त्याहून मोकळा आणि टोकदार म्हणजे चावणारच, असे सर्रास मानले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. बोटांना जागा किती मिळेल हे टोकाच्या आकारापेक्षा फर्मा कुठून अरुंद व्हायला लागतो त्यावर अवलंबून असते. तो बोटांच्या पुढे अरुंद होत असेल तर बिघडत नाही. बोटांवरच अरुंद होत असेल तर टोक गोल असूनही पाय दुखतो.

याचे कारण पावलाच्या घडणीत आहे. पाऊल सर्वांत रुंद असते चवड्यापाशी, म्हणजे बोटांच्या मुळांच्या रेषेत. तिथून आतली कड अंगठ्यापर्यंत जवळजवळ सरळ जाते आणि बाहेरची कड करंगळीकडून तिरकी पुढे येते. म्हणजे बहुतेकांच्या पावलाचे टोक अंगठ्याच्या बाजूला असते, तर बुटाचे टोक दिसायला बरे म्हणून मध्याकडे, दुसऱ्या बोटाच्या आसपास आणलेले असते. अंगठ्याला मग आत झुकावे लागते. झुरिकचे शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फोन मेयर यांनी 1858 मध्येच बुटाची आतली कड सरळ ठेवावी असे मांडले होते. फॉर्मल बुटांच्या धंद्याने ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

आकड्यांत पाहू. भारतात फॉर्मल बुटांवर बहुधा ब्रिटिश नंबर असतो. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. आठ नंबरचा फर्मा हिशेबाने 11 इंच, म्हणजे 279 मिलिमीटर लांब असतो. एखाद्याचे पाऊल 265 मिलिमीटर असेल तर अंगठ्यापुढे 14 मिलिमीटर मोकळे राहतात. ते वाया जात नाहीत; चालताना पाऊल थोडे लांबते आणि पुढे सरकते, त्यासाठी ते लागतातच. गोल टोकाच्या बुटात वळण या 14 मिलिमीटरमध्ये उरकता येते, म्हणून बोटांच्या वाट्याची रुंदी तशीच राहते.

निमुळत्या टोकाला एवढे अंतर पुरत नाही. चांगला कारागीर अशा वेळी फर्मा आणखी दीड-दोन सेंटिमीटर पुढे वाढवतो आणि नंबर मात्र आठच ठेवतो. बूट बाहेरून तीनशे मिलिमीटरच्या जवळ जातो, पण बोटे मोकळी असतात आणि टोकातली पोकळी रिकामी राहते. त्याची किंमत वेगळी मोजावी लागते: जिन्याच्या पायरीला टोक आपटते आणि काही दिवसांनी ते वर वळू लागते. लांबी न वाढवता टोक काढायचे, तर अरुंद करण्याची सुरुवात करंगळीपासूनच करावी लागते. दुकानात दोन्ही जोड्या आठ नंबरच्या आणि दोन्ही टोकदार. पायात घातल्यावर मात्र एकमेकींशी नाते सांगणार नाहीत.

अशा आवळण्याचा परिणाम हाडांवर उतरतो, याचा पुरावा इंग्लंडमधल्या केंब्रिजला जमिनीखाली सापडला. चौदाव्या शतकात तिथे लांब टोकाच्या पादत्राणांची फॅशन आली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्ययुगीन सांगाडे तपासले गेले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सुमारे 6 टक्के माणसांत अंगठा बाहेरून आत वळल्याच्या खुणा होत्या. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या माणसांत त्या 27 टक्क्यांवर गेल्या. प्रत्येक वाकड्या अंगठ्याला बूटच जबाबदार असतो असे नाही, आनुवंशिकताही असते. पण एवढी वाढ केवळ तिच्यावर ढकलता येत नाही.

चौकोनी टोकाबद्दलची समजूत अधिक फसवी आहे. आतला कोपरा अंगठ्याला खरोखर उपयोगी पडतो. बाहेरचा कोपरा मात्र बहुतेक वेळा रिकामाच असतो, कारण करंगळी अंगठ्याच्या टोकापेक्षा चार-पाच सेंटिमीटर मागेच संपते. तिला जागा हवी ती तिथे, बाजूला. शिवाय छिन्नीसारखे चपटे केलेले चौकोनी टोक रुंदी देते आणि उंची काढून घेते. अंगठ्याच्या नखावर वरून दाब येतो, नख काळे पडते. गोल टोकाचा खरा फायदा या उंचीत आहे. घुमटाखाली बोटांना किंचित उचलायला जागा मिळते.

घट्ट बूट वापरून सैल होईल, असे दुकानात सांगितले जाते. चवड्यापाशी ते खरे ठरते, कारण तिथले चामडे मऊ असते आणि मोचीही ते ताणून देऊ शकतो. टोकात मात्र चामड्याच्या दोन थरांमध्ये आकार टिकवण्यासाठी कडक अस्तर बसवलेले असते. ते ताणले जात नाही. म्हणून बोटांवर बसणारा दाब पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच वर्षानेही राहतो.

मग लोक एक नंबर मोठा घेतात. त्याने लांबी साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी मात्र दोनेक मिलिमीटरच. शिवाय बुटाची दुमड चवड्याच्या पुढे जाते, टाच निसटते आणि पाऊल घसरून पुन्हा त्याच अरुंद भागात जाऊन अडकते. त्यापेक्षा त्याच नंबरात रुंद फिटिंग मागावे. ब्रिटिश पद्धतीत पुरुषांच्या बुटांत एफ ही साधारण फिटिंग, जी त्याहून रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पावले युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यामुळे परदेशी फर्म्यावरचा निमुळता बूट इथल्या पायाला आवळतो यात नवल नाही.

बूट घेण्याआधी कागदाची चाचणी पुरेशी ठरते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे आणि पेन्सिल उभी धरून दुसऱ्या कुणाकडून पावलाची बाह्यरेषा काढून घ्यावी. बुटातला सुकतळा निघत असेल तर तो त्या रेषेवर टाच जुळवून ठेवावा. करंगळीची किंवा अंगठ्याची रेषा सुकतळ्याबाहेर गेली, तर तो बूट बाहेरून कसाही दिसो, त्या पायाचा नाही. जुन्या बुटांवरही हे वाचता येते: करंगळीपाशी बाहेर आलेला फुगवटा, करंगळीच्या बाजूला किंवा चौथ्या बोटाशी तिच्या बेचक्यात झालेले कुरूप, ही रुंदी कमी पडल्याची चिन्हे.

लेसचा बूट पावलाला मागे धरून ठेवतो. लोफरला तशी पकड नसते, त्यामुळे त्यात पाऊल टोकाकडे अधिक घसरते. निमुळते टोक आवडत असेल तर ते लेसच्या बुटात घेणे सोयीचे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना मात्र बोटे दाबली जात असल्याचे कळतच नाही. त्यांनी घालून बघण्यावर विसंबू नये, कागदावरच्या रेषेवर विसंबावे.