हुंडाबंदीचा कायदा आणि जहेजची रीत

समाजशास्त्राच्या वर्गात कायदा व सामाजिक रूढी यांतील भेद शिकविताना हुंडाबंदी अधिनियम, 1961 याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. कायदा विद्यार्थ्यांना ठाऊक असतो आणि तो मोडताना त्यांनी नात्यागोत्यात पाहिलेलेही असते.

ऑस्ट्रियन विचारवंत ऑयगेन एर्लिख यांनी 1913 साली ‘जिवंत कायदा’ ही कल्पना मांडली. बुकोविना प्रांतात संहितेप्रमाणे मुलाची कमाई मुलाचीच होती. प्रत्यक्षात शेतकरी घरांत ती वडिलांच्या हाती जाई. लोक ज्या नियमाने वागतात, तोच एर्लिख यांच्या मते जिवंत कायदा.

हीच कसोटी निकाहला लावून पाहता येते. समजा, रायापूरच्या एका घरात मुलीचा निकाह ठरला. महेरची रक्कम निकाहनाम्यात लिहिली जाते, साक्षीदारांच्या सह्या होतात. महेर हा शरीअतने वधूला दिलेला हक्क असून अधिनियमाच्या कलम 2 नेही तो हुंड्याच्या व्याख्येतून वगळला आहे. तरीही पुष्कळदा तो ‘नंतर देऊ’ या बोलीवर राहतो. जहेजची बोलणी मात्र कोणत्याही कागदावर नसतात. पण कपाट, मोटारसायकल, रोख रक्कम निकाहच्या आधीच वराच्या घरी पोहोचते. लिहिलेले देणे थकते आणि न लिहिलेले वेळेवर चुकते होते.

असे का व्हावे? कलम 3 नुसार हुंडा देणारा व घेणारा दोघेही दोषी असून किमान शिक्षा पाच वर्षांची आहे. साहजिकच तक्रार करणारा कोणी उरत नाही. 1986 च्या दुरुस्तीने पीडित व्यक्तीच्या जबाबाला संरक्षण दिले. पण मुलीच्या बापाची खरी भीती तुरुंगाची नसून स्थळ मोडण्याची असते. ती शिक्षा ताबडतोब मिळते, तिला पोलीस वा न्यायालय लागत नाही. एकट्या कुटुंबाने नकार दिला तर नुकसान त्याचेच होते, म्हणून जहेज नापसंत असलेलेही ते देतात.

मागणीवाचून दिलेल्या भेटींना कायद्याची मनाई नाही. मात्र 1985 च्या नियमांनुसार त्यांची यादी करावी लागते: वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, शेवटी वधूवरांच्या सह्या. लग्नघरात असा कागद पुढे केला, तर “आतापासूनच कोर्टाची तयारी?” असेच विचारले जाईल. कायद्याला जो पुरावा हवा, तोच रूढीला अविश्वास वाटतो.

तथापि हा कायदा सर्वस्वी निकामी आहे असे म्हणणे बरोबर नाही. लग्न ठरताना झोपलेला कायदा लग्न मोडताना जागा होतो. 1986 च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतर हक्कांचे संरक्षण) अधिनियमाप्रमाणे घटस्फोटितेला महेर आणि विवाहात मिळालेली मालमत्ता मागता येते. अशा वेळी ती न केलेली यादी आठवते, आणि कपाट कोणाचे यावर वाद सुरू होतो.

वर्गात विद्यार्थ्यांना नावे न घालता, पाहिलेल्या एका लग्नाची यादी या नमुन्यात भरावयास सांगावी. ‘देणाऱ्याचे नाव’ सहज भरले जाते. वस्तू मागितली होती की आपखुशीने दिली, हा रकाना नमुन्यात नाही. तो शिक्षकांनी स्वतः आखून द्यावा. चर्चा तेथूनच सुरू होते.